चीज घ्यायचंय, पण नक्की कुठलं आणि किती? पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

घरी पिझ्झा करायचा ठरतो, कोणीतरी खालच्या डेअरीत जाऊन "एक चीज द्या" म्हणतं, दुकानदार समोर असलेलं स्लाइसचं पाकीट काढून देतो, आणि मग रात्री पिझ्झ्यावर पिवळा गुळगुळीत थर बसतो पण तार काही येत नाही. किंवा उलटं, सँडविचसाठी कोणी मोझरेलाचा ठोकळा आणतं आणि मुलं म्हणतात याला चवच नाहीये. दोन्ही वेळी चीज चांगलंच असतं, फक्त ज्या कामासाठी आणलंय ते काम त्याचं नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. परदेशी चीजच्या चाळीस प्रकारांची यादी इथे मिळणार नाही, रोजच्या घरात जे दोन-तीन प्रकार खरंच लागतात तेवढेच नीट ओळखायचे आणि किती घ्यायचं ते बघू.

सोबत लागणाऱ्या गोष्टी: किसणी, घट्ट झाकणाचा डबा, बटर पेपर, दोन-चार झिप पाऊच, तारीख लिहायला मार्कर. वजनकाटा असला तर बरं, नसला तरी चालतं, कसं ते पुढे येईल.

१. आधी पदार्थ ठरवा, मग दुकानात जा

स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, की चीजने या पदार्थात काय करायचंय? तार यायला हवी, की नुसतं मऊ होऊन पसरायला हवं, की सॉसमध्ये विरघळून जायला हवं?

तार हवी असेल तर मोझरेला. पसरायला किंवा सॉसमध्ये विरघळायला हवं असेल तर प्रोसेस्ड, मग ते स्लाइस असो, क्यूब असो की ब्लॉक. हे तिन्ही साधारण एकच चीज आहे, आकार वेगळा. बरेच जण क्यूब आणि स्लाइस वेगळे प्रकार समजतात. डोशावर किंवा पावभाजीवर किसून घालायचं तर क्यूब सोयीचा, ब्रेडमध्ये ठेवायचं तर स्लाइस, आणि सँडविचच्या गाडीवर वरून जो पिवळा डोंगर किसून देतात तो प्रोसेस्डचा मोठा ब्लॉक.

२. प्रोसेस्ड आणि मोझरेला वेगळं का वागतात

प्रोसेस्ड चीज म्हणजे तयार चीज, बहुतेक वेळा चेडरच्या जातीचं, बारीक करून, त्यात इमल्सिफायर म्हणून सोडियम सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घालून गरम करून एकजीव केलेलं. चीजच्या प्रोटीनला कॅल्शियमने बांधून ठेवलेलं असतं, हे क्षार ते कॅल्शियम ओढून घेतात, त्यामुळे प्रोटीन मोकळं होऊन तूप आणि पाणी दोन्हीला धरून ठेवतं. म्हणून हे गरम केलं की तेल न सुटता क्रीमसारखं होतं. पण जाळंच मोकळं झाल्यामुळे ताणायला काही उरत नाही, तार येत नाही. कितीही तापवा, येणार नाही.

मोझरेला करताना दूध रेनेटने जमवून कापतात, थोडं आंबट होऊ देतात आणि मग गरम पाण्यात ताणत, मळत जातात. त्याने प्रोटीनचे धागे एका दिशेत बसतात. आपण पिझ्झा उचलतो तेव्हा जी तार दिसते ती हेच धागे. पण हे गरम असेपर्यंतच. पिझ्झा ताटात पाच-सात मिनिटं पडला की तार कमी होते, आणि पूर्ण गार झाला की चावायला रबरासारखा लागतो, तेव्हा चीज खराब होतं असं समजून दुकानदाराशी भांडू नका.

खात्री करायची असेल तर घरीच बघा. नॉनस्टिक तव्यावर मंद आचेवर एका बाजूला स्लाइसचा तुकडा आणि दुसऱ्या बाजूला तेवढंच किसलेलं मोझरेला ठेवा. स्लाइसच्या कडा आधी गोल होतात, मग तो जागच्या जागी मऊ होऊन चकचकीत होतो, चमच्याने उचललं की तुटून पडतो. मोझरेलाचा कीस आधी एकमेकांना चिकटतो, मग पांढरट गोळा होतो, चमचा वर नेला की वीतभर तरी लांब जातो आणि कडेला थोडं तूप दिसतं. तेवढं तूप सुटणं नॉर्मल आहे.

चवीचंही लक्षात ठेवा. प्रोसेस्ड खारट असतं, त्यामुळे सँडविचच्या चटणीत आणि व्हाइट सॉसमध्ये मीठ शेवटी, चव बघूनच घालायचं. मोझरेला सौम्य असतं, त्याला सॉस आणि मसाला लागतो.

३. पाकीट उलटं करा

पुढच्या बाजूला पिझ्झाचा फोटो सगळ्यांवरच असतो, त्याने काही कळत नाही. मागची घटकांची ओळ वाचायची, सगळं तिथे असतं.

मोझरेलावर ओळ छोटी असते: दूध, मीठ, कल्चर, एन्झाइम किंवा मायक्रोबियल रेनेट, कधी सायट्रिक अ‍ॅसिड. प्रोसेस्डवर पहिला घटक 'चीज' असतो आणि पुढे इमल्सिफायर, ३३१ किंवा ३३९ असे नंबर, प्रिझर्व्हेटिव्ह २००, रंगासाठी अ‍ॅनाटो म्हणजे १६०बी. नंबर बघून घाबरायचं कारण नाही, ते कायद्याने चालणारेच आहेत, आपल्याला त्यावरून फक्त प्रकार ओळखायचाय.

खरा सापळा तिसऱ्या पाकिटात आहे. त्यावर 'पिझ्झा टॉपिंग' किंवा 'अ‍ॅनालॉग' असं काहीतरी लिहिलेलं असतं, भाव कमी असतो, आणि मागे पाम तेल किंवा एडिबल व्हेजिटेबल ऑइल, स्टार्च, मिल्क सॉलिड्स असं दिसतं. म्हणजे दुधाच्या फॅटच्या जागी तेल वापरलंय. हे विकणं बेकायदेशीर नाहीये, लेबलवर नीट लिहिलं असेल तर, पण आपण चीज समजून घेतो तिथे गडबड होते. हे गरम असताना बऱ्यापैकी वितळतं, पण गार झालं की टाळूला मेणचट थर लागतो.

आमच्या बाजूच्या डेअरीत एक काकू किलोचं पाकीट घेत होत्या, फ्रीजमधल्या बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त. काउंटरवरचे दादा स्वतःच म्हणाले, "ताई, हे टॉपिंग आहे हं, हॉटेलवाले नेतात, घरी खायला मी देत नाही." काकूंनी विचारलं, "मग मोझरेला लिहिलंय ना वर?" तर ते म्हणाले, "वरचं सोडा, मागचं वाचा." सगळेच दुकानदार असं सांगत नाहीत, म्हणून आपणच वाचायचं. आणि सुटं, पिशवीत भरलेलं, लेबल नसलेलं किसलेलं चीज तर घेऊच नका, त्यात काय आहे ते कळायला मार्गच नाही.

पक्कं शाकाहारी पाळणाऱ्यांनी हिरवा ठिपका बघायचा. चीज जमवायला रेनेट लागतं आणि ते पारंपरिक पद्धतीत वासराच्या पोटातून येतं. इथल्या पाकिटांवर बहुतेक मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून केलेलं, असं लिहिलेलं असतं त्यामुळे प्रश्न येत नाही, पण इटलीतलं अस्सल पार्मिजानो रेज्जानो त्यांच्या नियमानुसार वासराच्या रेनेटवरच बनतं, तेव्हा कोणी बाहेरून आणून दिलं तर आधी बघा.

४. मोझरेलातही दोन जाती

पाण्यात बुडवलेले पांढरे गोळे मिळतात ते फ्रेश मोझरेला. सॅलडमध्ये टोमॅटोबरोबर मस्त, पण तसेच पिझ्झ्यावर टाकले तर पाणी सुटून बेस लगदा होतो. वापरायचेच असतील तर हाताने तोडून चाळणीत अर्धा तास निथळवा, मग स्वच्छ फडक्यावर टिपून घ्या. टिकतातही कमी, डबा उघडला की दोन-तीन दिवसांत संपवायचे.

घरच्या पिझ्झाला हवं असतं ते कमी पाण्याचं मोझरेला, ठोकळा किंवा तयार बारीक तुकडे, म्हणजे डाइस्ड. पाकिटावर पिझ्झा मोझरेला असं लिहिलेलं असतं. ठोकळा घेतला तर किसायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर किसणीला चिकटून त्याचा गोळा होतो. तयार कीस किंवा तुकडे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात बऱ्याचदा स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने वितळायला किंचित उशीर लागतो. मला विचाराल तर ठोकळाच घ्या, पण रविवारी संध्याकाळी दहा माणसं येणार असतील तर डाइस्ड घेतलं म्हणून काही बिघडत नाही. मोझरेला आणि चेडर मिसळलेली पाकिटंही मिळतात, त्यात तार थोडी कमी पण चव जास्त, पिझ्झ्याला चांगली जातात.

५. बाकीचे प्रकार, थोडक्यात

चेडरचा साधा, प्रोसेस्ड नसलेला ब्लॉक ग्रिल सँडविचला फार छान, चवीला तिखटसर-आंबूस, पण मोठ्या आचेवर तेल सोडतो. गौडा गोडसर, नुसतं खायलाही चालतं. फेटा वितळतच नाही, ते सॅलडसाठी. पार्मेझान वरून भुरभुरवायला, त्याचं छोटंच पाकीट घ्या. आणि चीज स्प्रेड म्हणजे क्रीम चीज नव्हे. चीजकेकच्या रेसिपीत स्प्रेड घातलात तर केक खारट होईल.

सुरुवात करणाऱ्याने हे सगळं एकदम घ्यायची गरज नाही. एक प्रोसेस्ड, एक मोझरेला, बस. पुढे हौस वाढली तर पुण्यात कॅम्पात दोराबजीजसारख्या मोठ्या दुकानात इंपोर्टेड सेक्शन निवांत बघता येतो. रोजचं मात्र आपलं कुठेही मिळतं, गो ब्रँडवाल्या पराग मिल्क फूड्सचा प्लँट तर आपल्या मंचरलाच आहे.

६. किती घ्यायचं: एका वाढदिवसाचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून एक खरा हिशोब देतो. वारज्याला माझ्या मावसबहिणीकडे मुलाचा वाढदिवस होता, दहा मुलं आणि सहा मोठी माणसं. मेनू: मुलांना बेकरीतल्या छोट्या बेसचे मिनी पिझ्झे, प्रत्येकी दोन. मोठ्यांना प्रत्येकी एक चीज टोस्ट आणि थोडा व्हाइट सॉस पास्ता. तिची यादी होती: एक किलो मोझरेला, दोन पाकिटं स्लाइस आणि एक डबा क्यूब.

आधी पिझ्झे. आठ इंची बेसला साधारण ८० ग्रॅम मोझरेला पुरतं, हे धरून चला. आता मिनी बेस चार इंची आहे म्हणून निम्मं म्हणजे ४० ग्रॅम असं सगळे करतात, आणि ते चूक आहे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे एका मिनी पिझ्झाला २० ग्रॅम. वीस पिझ्झे, ४०० ग्रॅम. २०० ग्रॅमचे दोन ठोकळे झाले. (याच हिशोबाने सात इंचीला ६० च्या आसपास आणि दहा इंचीला १२५ ग्रॅम.) जास्त घातलं तर जास्त छान होतं असंही नाही, थर जाड झाला की बेस करपतो तरी मधलं चीज कच्चं राहतं.

मग टोस्ट. सहा टोस्ट, प्रत्येकात एक स्लाइस. २०० ग्रॅमच्या पाकिटात दहा स्लाइस येतात, एक स्लाइस २० ग्रॅमची. सहा गेल्या, चार राहिल्या.

मग पास्ता. सहा जणांना बाकी खाणं असताना पाव किलो कोरडा पास्ता भरपूर होतो, आणि तेवढ्याच्या सॉसमध्ये ७०-८० ग्रॅम प्रोसेस्ड चीज लागतं. त्यासाठी क्यूबचा डबा कशाला? उरलेल्या चार स्लाइस म्हणजे ८० ग्रॅमच की. गॅस बंद करून गरम सॉसमध्ये तुकडे करून टाकल्या, ढवळल्या, एकही गुठळी नाही. वर सांगितलेले ते इमल्सिफायरचे क्षार इथे कामाला येतात. हेच मोझरेला टाकून केलं असतं तर सॉसमध्ये चिवट दोरे झाले असते.

एकूण लागलं काय, तर ४०० ग्रॅम मोझरेला आणि स्लाइसचं एक पाकीट. तिच्या यादीच्या निम्म्याहून कमी.

वजनकाटा नसेल तर २०० ग्रॅमचा ठोकळा सुरीने निम्मा करा, परत निम्मा, परत निम्मा. आठ तुकडे झाले, प्रत्येक २५ ग्रॅम. क्यूबचा डबाही बघा, २०० ग्रॅममध्ये आठ क्यूब, म्हणजे एक क्यूब तेवढाच. किसलेलं असेल तर न दाबता भरलेला मोठा कप म्हणजे ढोबळमानाने १०० ग्रॅम.

७. मोठं पाकीट स्वस्त पडतं का

एमआरपीला ग्रॅमने भागून १०० ने गुणा, म्हणजे १०० ग्रॅमचा भाव कळतो. समजा छोटं २०० ग्रॅमचं १३० ला आणि किलोचं ५५० ला, तर भाव ६५ आणि ५५. म्हणजे किलोमागे शंभर रुपये वाचतायत असं दिसतं. पण दोन-तीन माणसांचं घर, आठवड्याला एखादा पिझ्झा, म्हणजे महिन्याभरात ३००-४०० ग्रॅम. पाकीट उघडल्यावर किती दिवसांत संपवायचं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, साधारण आठवडा-दोन आठवडे. त्यातलं २०० ग्रॅम जरी बुरशीने गेलं तरी वाचलेले शंभरच्या वर पैसे गेले.

किलोचं घ्यायचंच असेल तर अट एकच, त्याच दिवशी किसायचं. १००-१०० ग्रॅम पाऊचमध्ये भरून, हाताने चपटं करून, हवा काढून, तारीख घालून फ्रीझरमध्ये. दोन-तीन महिने छान राहतं. अख्खा ठोकळा गोठवू नका, नंतर तो भुगा होतो. काढायचं असेल तेव्हा आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा, आणि एकदा सुटलेलं परत गोठवायचं नाही. हे फक्त मोझरेलाचं, स्लाइस फ्रीझरमध्ये ठेवल्या की ठिसूळ होऊन तुटतात.

८. दुकानातून घरापर्यंत

पॅकिंगची तारीख सगळे बघतात, पण चीज मध्येच गरम झालं होतं का हे तारखेवर कळत नाही. त्यासाठी पाकीट हातात घ्या. फुगलेलं असेल तर ठेवून द्या, आत जंतूंनी गॅस केलाय. मोझरेलाचं प्लास्टिक सैल झालंय आणि आत पाणी हलतंय, तेही नको. स्लाइसचं पाकीट वाकवून बघा, आतल्या स्लाइस एकमेकीला चिकटून एकच वडी झाली असेल किंवा कडेला तेलाचे थेंब दिसत असतील तर ते कधीतरी वितळून परत गार झालंय. आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाइट जाते, तेव्हा छोट्या दुकानातला फ्रीज तासन्‌तास बंद असू शकतो. जिथे इन्व्हर्टर नाही तिथून मी तरी गुरुवारी संध्याकाळी चीज घेत नाही.

चीज खरेदीत सगळ्यात शेवटी घ्या, दुधाच्या पिशव्यांना चिकटवून ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये ते डिकीत टाकून लक्ष्मी रोडला साड्या बघायला जाऊ नका.

९. उघडल्यावर

फ्रीजच्या दारात ठेवू नका, तिथे गरम-गार सारखं चालू असतं. ठोकळा आधी बटर पेपरमध्ये गुंडाळून मग डब्यात, नुसता डब्यात ठेवला की कडा सुकून पिवळ्या पारदर्शक होतात. ओल्या हाताने किंवा कांदा कापलेल्या सुरीने हात लावायचा नाही. बुरशी बहुतेक तिथूनच येते.

बुरशी आलीच तर प्रकार बघून ठरवा. चेडरसारख्या कडक ठोकळ्यावर एखादा ठिपका असेल तर त्याच्या भोवतीचं आणि खालचं इंचभर कापून टाकून बाकीचं वापरता येतं, फक्त सुरी बुरशीतून फिरवू नका. स्लाइस, किसलेलं, डाइस्ड, स्प्रेड किंवा फ्रेश मोझरेला यावर काहीही दिसलं तर सरळ सगळं टाकून द्या, वरची एक स्लाइस काढून खालच्या वापरू नका, कारण मऊ चीजमध्ये बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या बरीच पुढे गेलेली असते.